पहिला मेसेज : वाचलं कोणी आणि चिकटवलं कोणी?

आमच्या तरुण मित्रांत सध्या एक हिशेब फार ऐकू येतो. डेटिंग ॲपवर एक मेसेज घासूनपुसून तयार ठेवायचा, मॅच झालेल्या प्रत्येकीला तोच चिकटवायचा आणि शंभरातल्या चार जणींनी उत्तर दिलं की काम झालं. अरे, निदान तिचं प्रोफाइल तरी वाचलंस का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : वाचून काय फरक पडतो? दुसरीकडे आमच्या मैत्रिणींची तक्रार आहे की इनबॉक्स भरलेला असतो, पण सगळे मेसेज सारखेच. मग त्या चाळणी लावतात. ती चाळणी बहुतेक वेळा भाषेची असते. मोडक्या इंग्रजीतला मेसेज बाद आणि सफाईदार लिहिणारा मुलगा ‘सेन्सिबल’. आम्हाला हा हिशेबही मान्य नाही आणि ही चाळणीही मान्य नाही. दोन्ही एकाच गैरसमजावर उभ्या आहेत. तो गैरसमज असा, की पहिल्या मेसेजमध्ये बघायचं ते लिहिण्याचं कौशल्य.

आमचं म्हणणं सरळ आहे. पहिल्या मेसेजमध्ये बघायची गोष्ट एकच : हा मेसेज माझं प्रोफाइल न वाचता लिहिता आला असता का? आला असता, तर तो तुम्हाला लिहिलेला नाही, तुमच्या खिडकीत टाकलेला आहे. भाषा कितीही गोड असली तरी.

आधी कॉपी-पेस्टवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. कारण तो टाळून केलेला युक्तिवाद म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं. ओकेक्युपिड या अमेरिकन साइटच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिश्चन रडर, यांनी २०१४ साली ‘डेटाक्लिझम’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी आपल्याच साइटवरचे मेसेज तपासले आहेत. त्यांची पद्धत साधी होती. मेसेजमध्ये अक्षरं किती आहेत आणि तो लिहिताना प्रत्यक्षात किती वेळा की दाबली गेली, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. तीनशे अक्षरांचा मेसेज आणि की दाबल्या पाच-सहा, म्हणजे तो चिकटवलेला. त्यांना काय आढळलं? चिकटवलेल्या मेसेजला नव्याने लिहिलेल्या मेसेजपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी उत्तरं मिळतात. फक्त पाव हिस्सा. पाठवणाऱ्याचा वेळ आणि कष्ट मोजले, तर चिकटवणंच फायद्याचं ठरतं.

आमचे मित्र इथे टाळ्या वाजवतील. पण हा हिशेब नीट वाचा. कष्ट वाचले ते कुणाचे? पाठवणाऱ्याचे. मेसेज वाचायचा, त्यावर विचार करायचा, उत्तर द्यायचं की नाही हे ठरवायचं, हे कष्ट समोरच्या बाईने करायचे. तू दहा सेकंदांत पन्नास जणींना मेसेज टाकलास आणि त्या पन्नास जणींनी प्रत्येकी अर्धा मिनिट तुझ्यासाठी खर्च केला. जो आपलं काम दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतो आणि त्याला हुशारी म्हणतो, त्याला आपल्याकडे काय म्हणतात हे आम्ही सांगायची गरज नाही. शिवाय हा फायदा प्रत्येकाला वेगवेगळा दिसतो, पण सगळे त्याच वाटेने गेले की इनबॉक्स असा तुंबतो की वाचून लिहिणाऱ्याचाही मेसेज त्यात बुडतो. म्हणजे तुझा हिशेब तुलाच खड्ड्यात घालतो.

रडर यांच्याच पुस्तकात एक मेसेज आहे, तो आमच्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावा असा आहे. त्यात पाठवणारा सांगतो की तो सिगारेट ओढतो, पाठीवर बॅग टाकून फिरताना ती सवय लागली, मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या एका वास्तुरचनेच्या प्रदर्शनाबद्दल विचारतो. वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस मनापासून बोलतोय, इतके बारकावे कोण उगाच लिहील? तोच मेसेज, शब्दन् शब्द तसाच, चाळीसहून अधिक जणींना गेला होता.

यातून जे शिकायचं ते असं. मेसेजमध्ये बारकावे आहेत एवढ्याने काही सिद्ध होत नाही. बारकावे कुणाचे आहेत ते बघा. त्या मेसेजमधला प्रत्येक तपशील पाठवणाऱ्याचा स्वतःचा होता. वाचणारीच्या प्रोफाइलमधला, दुसरीकडे कुठेच न बसणारा असा एकही नव्हता. स्वतःबद्दलचा तपशील कितीही जणींना पाठवता येतो. तुमच्या तपशिलाला धरून लिहिलेलं वाक्य मात्र दुसरीकडे न्यायला गेलं की फाटतं.

आता एक नमुना घेऊ. पुढचं प्रोफाइल आम्ही उदाहरणासाठी रचलेलं आहे, पण तशी प्रोफाइलं तुम्ही पाहिलेली असतील. मुलगी सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी. एक फोटो नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा, एक ऑफिसातला, एक गावाकडच्या अंगणातला. बायोमध्ये चार वाक्यं : "पुण्यात राहते, जीव मराठवाड्यात. वामनदादांची गाणी आजीकडून ऐकलेली. रविवारी लायब्ररी, फोन बंद. भाकरी अजून गोल येत नाही." तिला पाच मेसेज आले असं समजा.

पहिला : "हाय ब्युटिफुल, दिवस कसा गेला?" यावर वेळ घालवायला नको. हा कुणालाही चालतो. चुकून मुलाला गेला तरी एक शब्द सोडून काही बदलावं लागणार नाही.

दुसरा : "तुझ्या प्रोफाइलमध्ये एक वेगळंच खरेपण आहे. आजकाल अशी मुळांशी घट्ट असलेली आणि तरीही स्वतंत्र विचार करणारी माणसं दुर्मीळ झाली आहेत. तुझ्याशी बोलायला आवडेल." हा मेसेज फसवतो. तो प्रोफाइलबद्दल बोलतो, म्हणून वाचल्यासारखा वाटतो. आता अदलाबदल करून पाहा. हाच मेसेज तुमच्या मैत्रिणीच्या प्रोफाइलखाली ठेवा, नंतर तिच्या बहिणीच्या. सगळीकडे बसतो. कारण ‘खरेपण’, ‘मुळं’, ‘वेगळी’ हे शब्द ज्योतिषाच्या भविष्यासारखे आहेत, ऐकणारा आपल्या आयुष्यातलं काहीतरी त्यात स्वतःच भरतो. स्तुती झाली, वाचन झालं नाही.

तिसरा : "वॉव, वामनदादा! मलाही म्युझिक प्रचंड आवडतं. कॉफी घेऊया का कधी?" इथे प्रोफाइलमधला एक शब्द खरंच आला आहे, म्हणून हा पहिल्या दोनांपेक्षा बरा वाटतो. पण तो शब्द काम करतो का, हे पाहा. ‘वामनदादा’ काढून ‘ट्रेकिंग’ घाला आणि ‘म्युझिक’च्या जागी ‘निसर्ग’ घाला. मेसेज तसाच चालतो. हा गाळलेल्या जागा भरण्याचा प्रकार आहे. मजकूर तयार, मधली एक जागा मोकळी, तिथे बायोमधला पहिला दिसलेला शब्द टाकायचा. आणि वामनदादा म्हणजे नुसतं ‘म्युझिक’ नव्हे, हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडून असं वाक्य येत नाही. ज्याला माहीत नाही आणि खरंच जाणून घ्यायचं आहे, तो विचारतो की वामनदादा कोण. तेही अगदी चालण्यासारखं आहे. अज्ञान कबूल करून विचारलेला प्रश्न म्हणजेसुद्धा लक्ष दिल्याची खूण असते.

चौथा : "जयभीम. पूर्ण नाव काय तुझं?" किंवा त्याचाच शहरी अवतार : "दीक्षाभूमीचा फोटो पाहिला. पण तू तशी वाटत नाहीस हं." यांनी प्रोफाइल वाचलं आहे, हे नाकारता येणार नाही. अदलाबदलीच्या परीक्षेत दुसरं वाक्य तर सहज पास होतं, ते दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. म्हणून इथे आणखी एक फरक करावा लागतो. एक वाचन माणूस कळावा म्हणून असतं आणि एक वाचन माणूस कुठल्या कप्प्यात टाकायचा हे ठरवण्यासाठी असतं. आडनाव विचारणारा तुमच्या बायोतल्या चार वाक्यांपैकी एकाचंही पुढे काही करत नाही. त्याला पाचवी गोष्ट हवी असते, जी तुम्ही लिहिलीच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. जिथे जात न विचारता दोन माणसं भेटू शकतात अशी जागा हातात आली आणि तिथेही दाराशीच आडनावाची चौकशी सुरू झाली, तर त्या चौकशीला लक्ष म्हणायचं नाही. ती झडती आहे.

पाचवा मेसेज रोमन लिपीत, स्पेलिंग मोडलेलं, विरामचिन्हं नाहीत. देवनागरीत लिहिला तर असा : "भाकरी गोल येत नाही लिवलंय ज्वारीची का बाजरीची पीठ जुनं असलं की चिरती कडक पाण्यात मळून बघा आमच्या आईचं बघून सांगतो". बस्स, एवढाच. ना स्तुती, ना कॉफी. आमच्या अनेक मैत्रिणी हा मेसेज पहिल्या फेरीतच काढून टाकतील, कारण तो ‘तसा’ दिसतो. पण परीक्षा लावा. हा मेसेज भाकरीचं वाक्य नसलेल्या एकाही प्रोफाइलखाली ठेवता येत नाही. त्याने तुमचं वाक्य उचललं, त्यात तुम्ही न सांगितलेली फट शोधली, की पीठ कशाचं, आणि स्वतःकडचं थोडं त्याला जोडलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी चिरते, उकळत्या पाण्यात मळलं तर ती सावरते, ही गोष्ट खरीच आहे. पाचांपैकी तुमच्याशी बोलणारा हा एकटाच आहे.

इथेच भाषेच्या चाळणीचा खोटेपणा उघडा पडतो. सफाईदार मजकूर हा बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा वापरून सफाईदार झालेला असतो. पन्नासदा पाठवलेल्या मेसेजमधली चूक पन्नासदा सुधारलेली असते. जो मुलगा तुमच्यासाठी आत्ता, पहिल्यांदा लिहितोय, त्याच्याकडे अडखळ असणारच. तेव्हा ज्याचं इंग्रजी उत्तम आणि वाक्यं गुळगुळीत, त्यालाच लक्ष देणारा समजणं म्हणजे कॉन्व्हेंटच्या फीला प्रेमाची पावती समजणं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पहिल्या पिढीचं शिक्षण घेतलेला मुलगा आणि मुलगी दोघंही या चाळणीत गळतात. मुलगी पुण्यात आल्यावर तिला स्वतःला ज्या मोजपट्टीने मोजलं गेलं, तीच पट्टी तिने इनबॉक्समध्ये हातात घ्यावी, यापेक्षा मोठा विनोद नाही.

ओकेक्युपिडनेच २००९ साली पाच लाखांहून अधिक पहिल्या मेसेजांचा अभ्यास आपल्या ब्लॉगवर मांडला होता. तिथे ‘तू असं लिहिलं आहेस’, ‘माझ्या लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द असलेल्या मेसेजना जास्त उत्तरं मिळाली आणि रूपाची स्तुती करणाऱ्यांना कमी. पण त्याच अभ्यासात मोडक्या स्पेलिंगच्या मेसेजनाही कमी उत्तरं मिळाली होती. म्हणजे वाचणारे दोन गोष्टी एकदम बघतात, लक्षही आणि लिहिण्याची पॉलिशही. आमचं म्हणणं एवढंच की या दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिली बघा, दुसरी सोडा.

आता आमच्या चळवळीतल्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांची सुटका करायची आमची इच्छा नाही. प्रोफाइलमध्ये निळा झेंडा किंवा पुतळ्याचा फोटो दिसला की यांचा एक परिच्छेद तयार असतो : जयभीम, सावित्रीमाईंच्या लेकीला क्रांतिकारी नमस्कार, आपण एकाच विचारांचे आहोत, स्त्री-पुरुष समता हाच माझा श्वास, वगैरे. मित्रा, ‘जयभीम’ हे अभिवादन आहे. ते सगळ्यांना सारखंच म्हणायचं असतं, तीच त्याची थोरवी आहे. पण म्हणूनच त्याने तू तिला वाचलंस हे सिद्ध होत नाही. समतेवरचा तोच परिच्छेद तू त्या आठवड्यात वीस जणींना चिकटवला असशील, तर त्या वीस जणींपैकी एकही तुझ्या दृष्टीने माणूस नाही, त्या यादीतल्या ओळी आहेत. विचार एकच असणं आणि माणूस एकच असणं यात फरक आहे. तिने भाकरीबद्दल लिहिलं, लायब्ररीबद्दल लिहिलं, आजीबद्दल लिहिलं, आणि तू तिला फक्त झेंडा म्हणून वाचलंस.

परीक्षेच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर ती काठीसारखी वापरली जाईल.

पहिली मर्यादा प्रोफाइलची. तीन फोटो, बायो रिकामा, आणि तक्रार काय, तर सगळे ‘हाय’च पाठवतात. वाचायला काही ठेवलंच नसेल तर वाचलं नाही म्हणून कुणाला धरणार? अशा वेळी ‘हाय’ हा प्रामाणिक मेसेज आहे. काही ॲप याला थोडी मदत करतात. हिंजवर लाइक करताना एखाद्या ठरावीक फोटोवर किंवा उत्तरावर बोट ठेवावं लागतं. बंबलने २०२४ पासून मुलीला आधीच एक प्रश्न लावून ठेवायची सोय दिली, मॅच झाल्यावर समोरच्याने त्याला उत्तर द्यायचं. प्रश्न सगळ्यांना एकच असतो, त्यामुळे उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात. पण हिंजवर तुमच्या एका उत्तरावर लाइक आलं म्हणजे बाकीचं वाचलं असं नव्हे. बोट ठेवायला ॲपने लावलं आहे, बोटाबरोबर काय लिहिलं ते बघा.

दुसरी मर्यादा अशी, की खुणा म्हणजे पुरावे नव्हेत. मॅच झाल्यावर दहा सेकंदांत साठ-सत्तर शब्दांचा मेसेज आला, तर तो तेवढ्यात टाइप होत नाही. प्रोफाइलमध्ये ‘पुण्यात राहते’ असं लिहिलेलं असताना ‘कुठे राहतेस?’ आलं, तर वाचलेलं नाही. या खुणा चांगल्या आहेत. पण लाजरा मुलगा मित्राकडून वाक्य उसनं आणतो, तेही चिकटवलेलंच दिसतं. म्हणून शंका असेल तर निकाल दुसऱ्या मेसेजवर ठेवा. उत्तर देताना तुमचा एक छोटा तपशील त्यात सोडा. उदाहरणार्थ, "ठीक. आज लायब्ररीतून उपाशी आले." वाचणारा विचारेल की कुठली लायब्ररी, किंवा जेवलीस का. चिकटवणाऱ्याकडे दुसरा मेसेजही तयारच असतो, तो तुमच्या वाक्याला स्पर्श न करता पुढे सरकतो : "मस्त. बाय द वे, वीकेंडला काय करतेस?" रविवारी लायब्ररी असं बायोमध्ये लिहिलेलं असताना. पहिला मेसेज पाठ करून आणता येतो, ऐकणं पाठ करून आणता येत नाही.

तिसरी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. लक्ष म्हणजे चारित्र्य नव्हे. प्रेमाच्या नावाने पैसे उकळणारे ठग प्रोफाइल फार बारकाईने वाचतात, तो त्यांचा धंदाच आहे. तेव्हा या परीक्षेतून एकच गोष्ट कळते, की समोरच्याने वाचलं आहे. विश्वास ठेवायचा का, पत्ता द्यायचा का, एकटीने भेटायला जायचं का, हे सगळं वेगळ्या कसोट्यांवर आणि सावकाश ठरवायचं. आणि वाचून लिहिलं म्हणून कुणाला उत्तराचा हक्क मिळत नाही. चांगल्या मेसेजलाही नकार देता येतो. तो नकार पचवता येणं हीदेखील एक कसोटीच आहे.

मुलांना आमचं सांगणं एवढंच. शंभर मेसेज चिकटवण्याऐवजी दिवसाला तीन लिहा. पाठवण्याआधी तो मेसेज दुसरीच्या प्रोफाइलखाली ठेवून बघा, बसला तर खोडा. तिच्या एका वाक्याला धरा, त्यातलं न सांगितलेलं विचारा, स्वतःचं एक वाक्य जोडा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, प्रमाण मराठी येत नसेल तर घरच्या बोलीत लिहा.

आणि मुलींना सांगणं असं, की पुढच्या वेळी ‘लिवलंय’ असं लिहिलेला मेसेज आला, तर काढून टाकण्याआधी तो पुन्हा एकदा वाचा. त्याने तुम्हाला वाचलं असेल, तर निदान तेवढं तरी त्याचं देणं लागतं.

जयभीम.